दुपट्यावर 'शर्वरी' लिहिताना रफार षटकोनी होतोय आणि श ची गाठ बुजतेय

वेलबुट्टी
भाचीचं बारसं १९ तारखेला आहे आणि मी आत्या, म्हणजे दुपटं माझ्याकडे. पांढरी मलमल दुहेरी घेतलीय, अस्तर अजून जोडलेलं नाही. कोपऱ्यात नाव घालायचंय, 'शर्वरी'. संगणकावरच्या फॉन्टमध्ये मोठं छापून घेतलं, कापडाखाली ठेवलं आणि खिडकीच्या काचेवर धरून पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनने उतरवलं. शिरोरेषेपासून खालपर्यंत अक्षर २० मिमी. लडीतले तीन पदर घेऊन बॅकस्टिच घालतेय, टाका साधारण ३ मिमी.

दांड्या छान आल्या. पण व वरचा रफार गोल न दिसता तुटक्या बांगडीसारखा दिसतोय. श ची गाठ म्हणजे नुसता लाल ठिपका झालाय, आतली पोकळी गायब. आणि र जिथे वळून तिरका पाय काढतो तिथलं टोक बोथट आलंय, र आहे की इंग्रजी एस, कळत नाही. एकदा सगळं उसवून झालं. दुसऱ्यांदा उसवायची हिंमत नाही, मलमलीला आधीच भोकं पडलीत. काय चुकतंय?

(नाव घरात दादा-वहिनी आणि मी सोडून कुणाला माहीत नाही. आमच्या काकू इथे वाचत नसाव्यात अशी आशा.)

टीपटाप
टाका मोठा आहे, दुसरं काही नाही. सरसकट १ मिमीचे टाके घाल, गोलाई आपोआप येईल. मी उशांच्या अभ्र्यांवर असंच करते.

गणोबा
आमच्या इथे कोपऱ्यावरचा टेलर कॉम्प्युटर मशीनवर नाव भरून देतो, अर्ध्या तासात. सॅटिनचं भरीव अक्षर येतं, एकदम चकाचक. हाताने कशाला डोळे फोडायचे?

वेलबुट्टी
गणोबा, नाव बाहेर फुटायला नको म्हणून तर हाताने करतेय! आणि भरीव अक्षर बाळाच्या अंगाला कडक लागतं. मला एका रेघेचंच अक्षर हवंय.

कशिदाकाकू
वेलबुट्टी, टीपटापचं निम्मं बरोबर आहे. वळणावर टाका लहानच हवा. सरळ रेघेवर मात्र १ मिमीचे टाके घातलेस तर शिरोरेषा मुंग्यांच्या रांगेसारखी दिसेल, कारण प्रत्येक भोकापाशी दोरा जरासा खाली दबतो आणि मध्ये फुगतो. अभ्र्याच्या जाड कापडावर ते खपून जातं. मलमलीवर इतकी जवळजवळ भोकं पाडलीस तर दोन धुण्यांत त्या ओळीवरच कापड विरायला लागेल.

आता तुझा रफार बघू. छापलेल्या नावात तो किती रुंद आहे? अक्षर २० मिमी म्हणजे ६ मिमीच्या आसपास असावा. ६ मिमी रुंद अर्धगोलाची लांबी साडेनऊ मिमीच्या आत-बाहेर भरते. त्यात ३ मिमीचे तीनच टाके बसतात. टाका म्हणजे सरळ काडी. तीन काड्यांत अर्धा गोल करायचा तर तो अर्धा षटकोन होणार. दोष तुझ्या हाताचा नाही, मोजमापाचा आहे. तोच रफार १.२ मिमीच्या आठ टाक्यांत घातलास तर दोन टाक्यांमधला कोन इतका कमी होतो की हातभर अंतरावरून तो गोलच दिसतो. त्यातही रफार कागदावरच ८ मिमी रुंद करून घेतलास तर लांबी साडेबारा होते, दहा टाके आरामात बसतात आणि सुई कुठे टोचायची ते दिसतं तरी.

री ची वेलांटी मोठी आहे, समजा १४ मिमी रुंद. तिची लांबी साधारण २२ मिमी. तिथे दीड मिमीचे पंधरा टाके पुरे, १.२ पर्यंत उतरायची गरज नाही. म्हणजे टाक्याचं माप अक्षरागणिक ठरत नाही, वळण किती आवळ आहे त्यावर ठरतं. एकाच वेलांटीत सुद्धा वरच्या घुमटावर टाका मोठा चालेल, दांडीशी मिळताना लहान करावा लागेल. मी भरायच्या आधी निळ्या पेनने रेघेवर टाक्यांचे ठिपके देऊन घेते. आमच्या शिवणक्लासच्या बाई याला 'उलटी टीप पेरणे' म्हणायच्या.

वेलबुट्टी
काकू, रफार मोजला. साडेपाच मिमी निघाला! वेलांटी १३. आणि हो, ती वेलांटी र वरून डावीकडे येऊन रफाराच्या इतकी जवळ संपते की दोन्ही मिळून एक लाल ढग झालाय.

कशिदाकाकू
मग फॉन्टमधलं अक्षर जसंच्या तसं घेऊच नकोस. फॉन्ट छपाईसाठी असतो, त्यात कुठे रेघ जाड कुठे बारीक. आपली रेघ दोऱ्याच्या जाडीची, सगळीकडे सारखी. मराठी दुसरीच्या सुलेखन वहीत असतं तसं एका रेघेचं अक्षर हाताने काढ. र आणि व मधलं अंतर थोडं वाढव आणि वेलांटी र च्या डोक्यावरच शिरोरेषेला टेकव, व पर्यंत पोचू देऊ नकोस. रफार आणि वेलांटी यांच्या मध्ये निदान ३ मिमी कोरं कापड दिसलं पाहिजे. आणि तुझ्या फॉन्टमधला श हिंदी वळणाचा नाही ना, तेही बघून घे. बऱ्याच संगणकांवर श आणि ल आपोआप तसेच येतात.

तीन पदरांचे दोन कर. तीन पदर म्हणजे त्या मापाच्या अक्षराला दोरखंड.

मोगरा७
पेनवरून आठवलं. निळं पाण्याने जाणारं पेन असेल तर धुवायच्या आधी चुकूनही इस्त्री फिरवू नकोस, डाग पक्का बसतो. आणि इस्त्रीच्या उष्णतेने जाणारी जी पेनं मिळतात ती तर मी सोडलीच. भावाची बदली लेहला होती, त्याच्या मुलीला नाव घातलेली गोधडी पाठवली. हिवाळ्यात वहिनीचा फोन, गोधडीवर रेघा कसल्या? शाई कडाक्याच्या थंडीत परत उमटली होती. ती जात नाही, नुसती अदृश्य होते.

लंडनकर
गोलाईसाठी बॅकस्टिचचा हट्ट का? स्प्लिट स्टिच घाला. मी इथे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात सायन कोप पाहिलाय, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा चर्चमधला झगा. त्यातल्या चेहऱ्यांचे गाल स्प्लिट स्टिचच्या बारीक रांगा गोल गोल फिरवून भरलेत. काचेला नाक लावूनही टाका कुठे संपतो ते कळत नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या लोकांना जमलं तर आपल्याला एक वेलांटी जमणार नाही?

पद्धत सोपी आहे. एक टाका पुढे घालायचा. मग खालून सुई वर काढताना ती त्या टाक्याच्या दोऱ्यातूनच, दोन पदरांच्या मधून काढायची आणि परत पुढे जायचं. टाका मागच्या टाक्याच्या पोटातून निघतो, त्यामुळे वळणाचा सांधा भोकापाशी उघडा पडत नाही, दोऱ्याच्या आत लपतो. वळणंही येतात आणि कोपरेही आपोआप येतात.

टीपटाप
म्हणजे साखळी टाकाच की हा. दिसतोही तसाच.

लंडनकर
दिसतो तसा, पण साखळीत दोऱ्याचा फास राहतो, इथे फास नाही. रेघ साखळीपेक्षा बरीच बारीक येते.

कशिदाकाकू
लंडनकर, वळणांचं म्हणणं मान्य. 'कोपरे आपोआप' याला मात्र माझी हरकत आहे. स्प्लिट स्टिच कोपरा खातो.

वेलबुट्टीच्या र वरच सांगते. र शिरोरेषेपासून निघून गोल खाली येतो, डावीकडे टोक काढतो आणि तिथून तिरका पाय उजवीकडे खाली जातो. टोकावर शेवटचा टाका संपला. आता नेहमीप्रमाणे तू त्या टाक्याच्या पोटातून, म्हणजे टोकाच्या एक मिमी अलीकडून वर आलीस आणि पायाच्या दिशेने गेलीस. पाय टोकापासून निघालाच नाही, टोकाच्या अलीकडून निघाला. टोकाचा तो एक मिमी एकतर बाहेर खुंटासारखा राहतो, नाहीतर दोरा ओढल्यावर आत खेचला जाऊन गोल होतो. तिचा र बॅकस्टिचमध्येही बोथट झाला, त्याचं कारण वेगळं, ते पुढे सांगते.

यावर उपाय असा. टोकापर्यंत स्प्लिट घाल, शेवटचा टाका बरोबर टोकाच्या ठिपक्यात खाली ने. आता पोटातून वर येऊ नकोस. पायाच्या रेघेवर दीड मिमी पुढे वर ये आणि मागे येऊन त्याच टोकाच्या भोकात खाली जा. म्हणजे कोपऱ्यावर एकच बॅकस्टिच. तो टाका पायाचा पहिला टाका झाला. मग पुढची सुई त्या टाक्याच्या पुढच्या टोकाजवळ पोटातून काढून स्प्लिट चालू. टोक सुईसारखं येतं. दोरा वेगळ्या भोकातून वर आल्यामुळे आधीचा टाका निसटतही नाही. फक्त टोकाच्या भोकात दुसऱ्यांदा जाताना आधीचा दोरा टोचला जाऊ नये, म्हणून सुई केसभर बाहेरच्या अंगाला टेकवायची.

वेलबुट्टी
हे समजलं, चित्र डोळ्यांपुढे आलं. पण मग बॅकस्टिचमध्ये बोथट का झालं? तिथे तर टाके सुटेच असतात.

कशिदाकाकू
कारण तुझं भोक टोकावर पडलंच नसणार. शिरोरेषेपासून टोकापर्यंत र च्या वळणाची लांबी समजा ११ मिमी. तू ३ मिमीने निघालीस, तीन टाक्यांत ९ झाले, उरले दोन. चौथा टाका सवयीने ३ चाच घातलास की तो टोक ओलांडून पायावर उतरतो आणि कोपरा तिरका कापतो. फोटोत बघ, र च्या टोकाशी एक आडवा टाका दिसतोय का?

वेलबुट्टी
दिसतोय! अगदी तसाच.

कशिदाकाकू
म्हणून आधी टोकावर ठिपका, मग मधल्या अंतराची वाटणी. ११ मिमीचे सहा समान टाके कर, प्रत्येकी १.८ च्या जवळपास. शेवटी उरलासुरला अर्धा टाका घालून वेळ मारून नेऊ नकोस, कोपऱ्याच्या तोंडाशी आखूड टाका लगेच डोळ्यात भरतो. कमी-जास्त करायचंच असेल तर तीन-चार टाके आधीपासून थोडं थोडं वाटून घे.

अर्धवट_अण्णा
अवांतर, पण विचारतो. मी बायकोच्या नकळत रुमालावर तिचं नाव भरतोय, 'ऐश्वर्या'. (हसू नका.) स्प्लिट करताना एकच पदर घेतला तर तो फाटतच नाही, सुई शेजारून निघते. लंडनकर म्हणतात दोन पदर, पण रुमालावर अक्षर फक्त १० मिमीचं आहे.

लंडनकर
एका पदराला स्प्लिट होत नाही. दोनच लागतात.

कशिदाकाकू
होतो, पण कष्टाचा. लडीचा एक पदरही पिळलेला असतो, त्याच्या मधोमध टोकदार सुई घालता येते. बोथट टोकाची क्रॉसस्टिचची सुई असेल तर ती घसरून शेजारूनच निघणार. ९ किंवा १० नंबरची बारीक, टोकदार भरतकामाची सुई घ्या. आणि खालून वर काढताना दिसत नाही म्हणून चुकतं, तर उलटं करा. एक टाका पुढे वर या आणि वरून, दिसत असताना, मागच्या टाक्याच्या पोटात सुई खाली घाला. दिसायला जवळजवळ तसंच येतं, मागच्या बाजूला दोरा जास्त जातो इतकंच. पण अण्णा, १० मिमीत 'ऐश्वर्या' म्हणजे मात्रा, श्व आणि रफार, सगळ्यांची दाटी होणार. अक्षर १५ तरी करा. नाहीतर नुसता 'ऐ' घाला, बायको ओळखेल.

अर्धवट_अण्णा
नुसता ऐ बरा. पेच सुटला.

मोगरा७
श ची गाठ राहिली की. मला तीच कधी जमली नाही.

कशिदाकाकू
हो. गाठ ही कागदावर सुटते, कापडावर नाही. छापील श ची गाठ २०च्या अक्षरात अडीच-तीन मिमी असते. दोन पदरांचा दोरा दोन्ही बाजूंनी आत सरकतो, शिवाय दर टाक्याला कापड भोकाकडे ओढलं जातं, आणि पोकळी बुजते. म्हणून चित्रातच गाठ ५ मिमीची, जरा लांबट थेंबासारखी काढ. वाचताना कुणाला मोठी वाटत नाही, उलट श सुटसुटीत दिसतो. ती स्प्लिटने घालू नकोस, त्या मापाला पोटातून सुई काढताना रेघ जाड होत जाते. १.२ मिमीची बॅकस्टिच घाल, बारा-तेरा टाके होतील. गाठ जिथे स्वतःलाच छेदते तिथे आधीच्या टाक्यावरून उडी मार, त्याला टोचू नकोस. एवढं करूनही बुजली तर फक्त गाठीपुरता एक पदर घे. बाकी नाव दोन पदरांचं असलं तरी तो फरक मलाच दिसेल, पाहुण्यांना नाही.

दोरा घट्ट ओढायची सवय असेल तर ती गाठीवर पहिली पकडली जाते. रिंग ढोलकीसारखी ताणलेली ठेव आणि दोरा कापडाला टेकला की थांब.

वेलबुट्टी
आणि शिरोरेषा? ती आधी की नंतर? मी आधी घातली होती, मग दांड्या तिच्यात घुसल्यासारख्या दिसल्या.

मोगरा७
आधीच. सरळ रेघ असली की अक्षरं तिला लटकवता येतात. नंतर घातली तर ती वरखाली होते.

कशिदाकाकू
मी नेहमी शेवटी घालते. दांड्यांची वरची टोकं शिरोरेषेखाली झाकली जातात आणि सांधा एकजीव दिसतो. सरळ राहण्यासाठी कापडाच्या विणीचा एक आडवा धागा धरून आखायची, पट्टीने नाही. पट्टीची रेघ विणीला तिरकी गेली की धुतल्यावर वाकडी दिसते. रफार आणि वेलांटी मात्र शिरोरेषेनंतर, कारण त्या तिच्यावर बसतात.

मोगरा७
विणीचा धागा मी पण धरते, तरी आधीच. पंचवीस वर्षं आधीच घालतेय, एकही दांडी घुसलेली नाही. दांडी शिरोरेषेच्या खालून, तिला न टोचता सुरू करायची एवढंच.

कशिदाकाकू
बरं, तुमची तुमच्याकडे, माझी माझ्याकडे.

लंडनकर
देठाचा टाकाच घाला की मग! फ्रान्समधल्या बायोच्या त्या प्रसिद्ध भरतकामावरची अक्षरं देठाच्या टाक्यातच आहेत, अकराव्या शतकातली.

कशिदाकाकू
ती जाड लोकरीची, लिननच्या कापडावर, आणि रोमन लिपीतली. तिथे रफार नाही, लंडनकर. देठाचा टाका पिळदार दिसतो, मोठ्या अक्षराला शोभतो. पण ८ मिमीच्या रफारावर तो पीळ बाहेरच्या बाजूला ठेवायचा की आतल्या, यातच जीव जातो.

वेलबुट्टी
अपडेट. नाव हाताने काढलं, गाठ ५ मिमी, रफार ८, दोन पदर. अक्षरांची वळणं आणि वेलांटी स्प्लिटने, र चं टोक काकूंच्या एका बॅकस्टिचने, गाठ आणि रफार पूर्ण बॅकस्टिच. र ला तीन वेळा उसवावं लागलं. स्प्लिट उसवताना दोरा पिंजतो हे कुणी सांगितलं नव्हतं! बॅकस्टिच सुईच्या मागच्या टोकाने चटकन निघते, स्प्लिट कात्रीने कापूनच काढावी लागली. चौथ्या दमात टोक आलं.

जुनी भोकं पाण्याचा हात लावून नखाने विणीवर आडवं-उभं घासल्यावर बरीचशी मिटली. दोन अजून दिसतात, त्यातलं एक नशिबाने वेलांटीखाली गेलंय.

शिरोरेषा शेवटी घातली, मोगराताई रागावू नका. व पासून पुढे अर्धा मिमी खाली गेलीय.

मोगरा७
मी काही बोलत नाहीये. :)

कशिदाकाकू
फोटो पाहिला. रफार सुंदर. श आणि र च्या मध्ये मागच्या बाजूने लाल दोरा ओढून नेलायस, तो पांढऱ्या मलमलीतून गुलाबी पट्ट्यासारखा दिसतोय. तेवढा कापून टोकं मागच्या टाक्यांत विणून घे. शिरोरेषा शेवटी असल्यामुळे तिच्या मागून दोरा नेता आला असता, पण आता राहू दे. अस्तर लावण्याआधी हे कर, मागच्या गाठी अस्तराच्या आत राहतील आणि बाळाला टोचणार नाहीत. आणि लाल दोरा रंग सोडतो का हे आधी एका चिंधीवर ओल्या बोळ्याने घासून बघ, मगच निळं पेन धुवायला घाल.

वेलबुट्टी
गुलाबी पट्टा खरंच दिसतोय, माझ्या लक्षातच आला नव्हता. चिंधीवर रंग नाही सुटला. एकच शंका उरलीय, दुपटं रोज धुतलं जाणार. स्प्लिटच्या टाक्यात दोरा आधीच फोडलेला असतो, तर तो बॅकस्टिचपेक्षा लवकर विरेल का?

लंडनकर
सातशे वर्षं टिकलंय म्हटलं ना.

टीपटाप
तो झगा कुणी रोज मोरीत आपटला नव्हता.

कशिदाकाकू
माझ्या नातीच्या दुपट्यावर स्प्लिट होती, वर्षभरात दोऱ्यावर थोडी लव आली, तुटला नाही. पण ती माझ्या सुनेने जाळीच्या पिशवीत घालून धुतली होती. मोरीत आपटलेल्याचा अनुभव कुणाला असेल तर लिहा.